मशीन ‘बंद करा’ की ‘थांबवा’: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (२ तारे): “इटालियन पॅकिंग मशीनचं ३१२ पानी मॅन्युअल ऑपरेटरांसाठी मराठीत करून घेतलं. ग्लॉसरीचे वेगळे पैसे, उलट अनुवादाचे वेगळे पैसे. तरीही ‘बोबिना’ला कुठे रोल, कुठे कॉइल. एकीकडे ‘मशीन थांबवा’, दुसरीकडे ‘मशीन बंद करा’, आणि नवव्या प्रकरणात दोन्हीची खिचडी. वर तीन आठवडे उशीर. मग त्या ग्लॉसरीचं करायचं काय?”

नमस्कार साहेब,

नवव्या प्रकरणाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. चूक आमची आहे आणि ती कशी झाली ते खाली सविस्तर लिहितो. रोल आणि कॉइलबद्दल मात्र आम्ही चुकलेलो नाही, म्हणून ते आधी संपवतो.

इटालियनमध्ये फिल्म गुंडाळलेला रोलही ‘बोबिना’ आणि सोलेनॉइड व्हॉल्वमधली तांब्याच्या तारेची कॉइलही ‘बोबिना’. तुमच्या मॅन्युअलमध्ये दोन्ही आहेत: फिल्म चढवायच्या प्रकरणात पहिला अर्थ, हवेच्या आणि विजेच्या प्रकरणांत दुसरा. ग्लॉसरीत या शब्दाच्या दोन वेगळ्या ओळी आहेत आणि प्रत्येकीसमोर तो शब्द ज्या वाक्यात आला ते मूळ वाक्य दिलंय. इटालियन शब्द एक म्हणून मराठीही एकच ठेवला असता, तर कधीतरी तुमच्या फिटरने व्हॉल्वचा रोल शोधला असता. एका वस्तूला एक नाव, हा आमचा नियम. एका इटालियन शब्दाला एक मराठी शब्द, असा तो नाही.

आता ‘बंद’. मराठीत आपण दुकान बंद करतो, पंखा बंद करतो, दार बंद करतो, चालती गाडीही बंद करतो. इटालियन मॅन्युअलला ही चैन परवडत नाही. त्यात ‘आर्रेस्तारे’ म्हणजे मशीनची हालचाल थांबवणं. वीज चालूच, हवेचं प्रेशर तसंच, पाकिटं दाबून सील करणारे जॉ गरम. ‘स्पेन्येरे’ म्हणजे पॉवर घालवणं. ‘क्यूदेरे’ म्हणजे गार्ड किंवा झाकण लावणं. यांपलीकडे आहे मेन आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच, शून्यावर नेऊन त्याला कुलूप लावणं. चारही ठिकाणी आपल्या तोंडी सहज ‘बंद करा’ येतं, आणि आमच्या पहिल्या मसुद्यातही तेच आलं होतं.

फरक हातावर बेततो तो असा. रोल बदलताना मशीन फक्त थांबवायचं असतं. पॉवर घालवली तर जॉ थंड होतात, पुन्हा तापेपर्यंत लाइन उभी राहते आणि सुरुवातीची पाकिटं नीट सील होत नाहीत. उलट जॉ साफ करताना किंवा कटर बदलताना नुसतं थांबवून चालत नाही. मशीन निपचित दिसतं, पण जॉचं तापमान दीडशे अंशांच्या आसपास असू शकतं आणि सिलिंडरमध्ये हवा भरलेली असते. सेन्सरसमोर हात गेला की हललंच म्हणून समजा. दोन्हीकडे ‘मशीन बंद करा’ लिहिलं, तर ऑपरेटर आपल्या सवयीप्रमाणे करणार. आणि सवय लाल बटण दाबण्याची असते.

हा घोळ आम्हाला उलट अनुवादात सापडला. दुसरं प्रकरण, म्हणजे सुरक्षेचं, मराठीत झाल्यावर आम्ही ते इटलीत राहणाऱ्या एका मराठी अनुवादक बाईंकडे पाठवलं: हे परत इटालियनमध्ये करा. त्यांना मूळ मॅन्युअल दाखवलं नाही आणि ग्लॉसरीही दिली नाही. ग्लॉसरी दिली की माणूस त्यातलेच शब्द परत लावतो, तपासणी होत नाही. मग मूळ, मराठी आणि परत आलेलं इटालियन असे तीन रकाने शेजारी ठेवले. ‘मशीन बंद करा’ हे आमचं एकच वाक्य दहा जागी होतं. सहा जागी ते ‘स्पेन्येरे’ होऊन आलं, चार जागी ‘आर्रेस्तारे’. मुळात नऊ जागी ‘आर्रेस्तारे’ होतं. बाईंची यात काही चूक नाही. आगामागचा संदर्भ पाहून त्या अंदाज बांधत होत्या. एकच मराठी वाक्य दोन वेगळ्या इटालियन शब्दांत परत आलं, की समजायचं आपला मराठी शब्द ढिला आहे. तुमच्या ऑपरेटरनेही तिथे तसाच अंदाज बांधला असता.

मग ग्लॉसरी बदलली. हालचालीला ‘थांबवा’. विजेला ‘पॉवर ऑफ करा’. आयसोलेटरला ‘मेन आयसोलेटर ऑफ करून कुलूप लावा’. ‘बंद’ हा शब्द फक्त गार्ड आणि झाकणांसाठी. मशीनसाठी तो वर्ज्य, आणि वर्ज्य शब्दांचा एक रकाना आम्ही मुद्दाम ठेवतो. ‘पॉवर ऑफ करा’ हे शुद्ध मराठी नाही, असं आमच्याच एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, फ्लोअरवर जे बोलतात तेच लिहायचं.

त्यावरून आणखी एक, कारण ‘ग्लॉसरीचे वेगळे पैसे कशाला’ याचं उत्तर यातच आहे. मशीनच्या संरक्षक जाळीला इटालियनमध्ये ‘रिपारो’ म्हणतात. आमच्या मसुद्यात त्याला ‘आडोसा’ लिहिलं होतं. उलट अनुवादात तो व्यवस्थित ‘रिपारो’ म्हणून परत आला, कारण इटालियनमध्येही त्या शब्दाचा दुसरा अर्थ आडोसाच आहे. कागदावर शंभर टक्के जुळणी. पण तुमच्या प्लांटमध्ये आमची माणसं एक दुपार ऑपरेटरांबरोबर उभी राहिली, भागांवर बोट ठेवून ‘याला काय म्हणता’ विचारत फिरली, तेव्हा ‘आडोसा’ ऐकून मुलं हसली. तो गार्ड आहे, दुसरं काही नाही. म्हणजे अर्थ सरकला की उलट अनुवाद ओरडतो, पण शब्द कुणी वापरतच नसेल तर तो गप्प बसतो. त्यासाठी फ्लोअरवरच जावं लागतं. ग्लॉसरीच्या बिलात ती दुपार धरलेली आहे.

आता नववं प्रकरण. ‘बंद’चा निर्णय झाला तेव्हा देखभालीचं ते प्रकरण निम्मं होऊन गेलं होतं. आम्ही सगळ्या फाइलींत ‘मशीन बंद करा’ शोधून ‘मशीन थांबवा’ केलं आणि आयसोलेटरची वाक्यं हाताने दुरुस्त केली. पण मराठी क्रियापद एका रूपात राहत नाही. ‘मशीन बंद करून’, ‘मशीन बंद केल्यावर’, ‘मशीन पूर्ण बंद झाल्याची खात्री करा’, ‘मशीन बंद असताना’ ही रूपं त्या शोधात आलीच नाहीत. नुसतं ‘बंद’ शोधून सरसकट बदलताही येत नव्हतं, कारण ‘गार्ड बंद करा’ बरोबर होतं. तिथे एकेक जागा डोळ्यांखालून घालायला हवी होती. ती घातली नाही.

दुसरी चूक त्याहून वाईट. अनुवादाच्या सॉफ्टवेअरची एक मेमरी असते. आधी केलेलं वाक्य पुन्हा आलं की जुना अनुवाद ती आपोआप पुढे करते. आम्ही फाइली दुरुस्त केल्या आणि मेमरी तशीच ठेवली. त्यामुळे प्रकरणाच्या उरलेल्या निम्म्या भागात जुनी वाक्यं परत येऊन बसली, तीही ‘पूर्ण जुळणी’ असा हिरवा शिक्का घेऊन. हिरवा शिक्का दिसला की तपासणाऱ्याची नजर पुढे सरकते. आमचीही सरकली.

आणि उलट अनुवादाने हे पकडलं नाही, कारण नववं प्रकरण त्याला पाठवलंच नव्हतं. खर्च आवरता ठेवायचा म्हणून फक्त दुसरं प्रकरण करायचं हे आपण मिळून ठरवलं होतं, पण सल्ला माझा होता. सुरक्षेचं प्रकरण म्हणजे सगळी सुरक्षा, असं मी धरलं. प्रत्यक्षात हात मशीनमध्ये जातो तो देखभालीत.

उशिराबद्दल. मूळ इटालियन मजकुरातच एका अवस्थेला तीन नावं दिसत होती: तिसऱ्या प्रकरणात ‘आर्रेस्तो’, पाचव्यात ‘फेर्मो माक्किना’, पॅनेलच्या चित्रात STOP. मॅन्युअल वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी वाढलेलं असलं की असं होतं. ही तीन नावं एकाच गोष्टीची आहेत की पाचव्या प्रकरणात काही वेगळं अभिप्रेत आहे, हे मशीन बनवणाऱ्यांना विचारल्याशिवाय लिहिणं धोक्याचं होतं. २३ प्रश्नांची यादी पाठवली ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. इटलीत १५ ऑगस्टच्या सणाच्या आगेमागे कारखाने दोन-तीन आठवडे बंद असतात (हा ‘बंद’ मात्र बरोबर आहे). इतकी वर्षं इटालियनचं काम करणाऱ्याला हे माहीत असायला हवं, आणि मला माहीत होतं. प्रश्न जुलैतच जायला हवे होते. उत्तरं आली तेव्हा ‘फेर्मो माक्किना’ खरंच वेगळं निघालं: नुसतं थांबणं नाही, तर पॉवर काढून देखभालीसाठी उभं केलेलं मशीन. न विचारता ‘थांबवा’ लिहिलं असतं तर पाचवं प्रकरणही चुकलं असतं.

तुमचा अभिप्राय वाचल्यावर आम्ही नवव्या प्रकरणातला प्रत्येक ‘बंद’ मूळ वाक्याशी ताडून पाहिला. ४१ जागा निघाल्या. २४ गार्ड-झाकणांच्या, बरोबर. १७ मशीनच्या, चूक. त्यांतल्या ११ जागी ‘थांबवा’ हवं आणि ६ जागी आयसोलेटर आणि कुलूप. या सहा जागा गंभीर आहेत. सतरा वाक्यांची यादी, पान क्रमांक आणि दुरुस्त वाक्यासह, आज सकाळी तुमच्या मेंटेनन्स प्रमुखांना मेल केली आहे. मेमरी साफ केली आहे. पूर्ण नववं प्रकरण आमच्या खर्चाने उलट अनुवादाला गेलंय, यायला आठ दिवस लागतील. उशिरापोटी शेवटच्या बिलातून दहा टक्के वजा केले आहेत. ग्लॉसरीचे पैसे परत करणार नाही. त्या २८६ ओळींची एक्सेल फाइल तुमची आहे, आणि याच कंपनीचं दुसरं मशीन घेतलंत तर अनुवाद आमच्याकडून करून घ्या किंवा दुसऱ्याकडून, ती त्यांच्या हातात द्या.

दोन विनंत्या. दुरुस्त प्रत हातात येईपर्यंत नववं प्रकरण फ्लोअरवर ठेवू नका. छापून लावलं असेल तर आजच काढून घ्या. आणि टच स्क्रीनच्या मेंटेनन्स पानाचा फोटो पाठवा. मॅन्युअलमध्ये त्या पानावरच्या एका बटणाचं नाव RIPRISTINO आहे, पण तुमच्या मशीनवर स्क्रीन इंग्रजीत लावलेली असेल तर तिथे RESET दिसत असेल. ऑपरेटरला जे दिसतं तेच छापायचंय.