सेफ्टी बुटाच्या पुढची स्टीलची टोपी बोटं कापते?

“स्टीलवाल्या बुटावर जड काही पडलं की पत्रा वाकून बोटंच कापतो. त्यापेक्षा साधा बूट बरा.”

नाही. आयएस 15298 या भारतीय मानकाच्या सेफ्टी बुटाची टोपी 200 जूलचा आघात सोसते, म्हणजे 20 किलोचा नग साधारण मीटरभरावरून पडावा तेवढा. तीही चेपेल अशा वजनाखाली साध्या बुटात काय उरणार?

रबाळ्याला आमच्या एका फिटरची करंगळी रोज सोलायची. शिव्या स्टीलला, बूट मात्र एक नंबर लहान! चामडं सैलावतं, टोपी नाही. म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कामाचेच मोजे घालून बघा. टाच उचलल्यावर टोपीची मागची कड बोटांना टोचली, तर तो नंबर नको. आणि एकदा मार बसलेला बूट, वरून धड दिसला तरी, बदलाच.