ओटीपीशिवाय पार्सल दिलं नाही, या तक्रारीला आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "एक तारा. बाबांसाठी पुण्याहून मोबाईल मागवला होता, पैसे आधीच भरलेले. तुमचा माणूस दारात आला, खोक्यावर नाव-पत्ता बरोबर, तरी ओटीपी पाहिजेच म्हणाला आणि खोकं परत घेऊन गेला. बँक रोज सांगते ओटीपी कोणालाच देऊ नका. मग तुम्हाला कायले पाहिजे? मला तर हे लुबाडायचंच काम वाटते."

नमस्कार भाऊ,

पार्सल आर्णीला आमच्या गोदामातच आहे, कंपनीकडे परत गेलेलं नाही. उद्याच्या फेरीत ते पुन्हा तुमच्या गावी येईल.

आमच्या पोराने दारातून तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही त्याला कोड सांगितला नाही, हे त्याने मला सांगितलं. त्यात तुमचं काही चुकलं नाही. अनोळखी नंबरवरून बोलणारा माणूस खरंच बाबांसमोर उभा आहे की भलतीकडेच, हे पुण्यात बसून तुम्हाला कळणार कसं? पण कोडशिवाय खोकं हातात दिलं नाही, यात त्याचंही चुकलं नाही. हे कसं, ते नीट सांगतो, कारण ही शंका आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत आहे.

पार्सल सकाळी गाडीवर चढलं की कंपनीची यंत्रणा एक कोड तयार करते आणि ऑर्डरवर ज्याचा मोबाईल नंबर असेल त्याला पाठवते. तुमच्या ऑर्डरवर तुमचा नंबर होता, म्हणून मेसेज पुण्याला आला आणि बाबांच्या फोनवर काहीच आलं नाही. आमच्या पोराच्या ॲपमध्ये तो कोड दिसत नाही, तिथे फक्त एक रिकामा चौकोन असतो. बरोबर आकडे भरले तरच पार्सल 'पोचलं' अशी नोंद होते. कोड नसेल तर त्याला ती नोंद करताच येत नाही, आणि नोंद न करता मोबाईल देऊन आला तर संध्याकाळी हिशोबात तो मोबाईल त्याच्याच नावावर हरवलेला निघतो.

पूर्वी सही घ्यायचो. बोटाने मोबाईलच्या काचेवर केलेली सही कोणाची, हे कोणीच सांगू शकत नाही. माल शेजाऱ्याकडे टाकून पोचला म्हणणारे होते, आणि माल घेऊन मिळालाच नाही म्हणणारेही होते. महागाच्या वस्तूंना कोड लागू झाला तो या भांडणामुळे. थोडक्यात, हा कोड म्हणजे तुम्ही दिलेली पोच पावती आहे.

आता बँकेचं. बँक सांगते ते खरंच आहे, पण बँक तिच्या कोडबद्दल बोलते. त्या कोडने तुमच्या खात्यातून पैसे जातात. डिलिव्हरीच्या कोडने फक्त एक पार्सल पोचल्याची नोंद होते, नुसत्या त्या कोडवर कोणी तुमच्या खात्याला हात लावू शकत नाही. म्हणजे तो चुकीच्या माणसाला दिला तर जास्तीत जास्त ते एक पार्सल जाईल. अडचण एवढीच की दोन्हीकडे नुसते चार किंवा सहा आकडे असतात आणि आकड्यांकडे पाहून फरक कळत नाही. फरक कळतो तो मेसेजच्या बाकीच्या ओळींवरून, आणि लोक नेमक्या त्याच वाचत नाहीत. डिलिव्हरीच्या मेसेजमध्ये वस्तूचं किंवा ऑर्डरचं नाव असतं आणि पार्सल देणाऱ्याला कोड सांगा असं लिहिलेलं असतं. बँकेच्या मेसेजमध्ये रक्कम, कार्डाचे किंवा खात्याचे शेवटचे आकडे आणि कोणालाही सांगू नका अशी ताकीद असते.

मागे आमच्याच एका ग्राहक ताईंना फोन आला. "तुमच्या नावाने कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल आलं आहे. नको असेल तर रद्द करतो, आलेला कोड सांगा." ताईंनी काहीच मागवलेलं नव्हतं. मोबाईलवर सहा आकडे खरंच आले होते. त्यांनी फोन ठेवला आणि सरळ आमच्या ऑफिसात येऊन मेसेज दाखवला. तो व्हॉट्सॲपचा होता, आणि कोड कोणाला देऊ नका असं त्यातच लिहिलेलं होतं. तो सांगितला असता तर त्या माणसाने ताईंचं व्हॉट्सॲप स्वतःच्या फोनवर चालू करून त्यांच्या नात्यागोत्यात 'अर्जंट पैसे पाठवा' म्हणून मागणी सुरू केली असती. एक सांगायला हवं: पार्सल नाकारतानाही काही कंपन्या खरोखर कोड मागतात, पोरांनी परस्पर 'ग्राहकाने नाकारलं' असं लिहू नये म्हणून. पण तोही मेसेज तुमच्याच ऑर्डरचा असतो. जे मागवलंच नाही, ते रद्द करायला कोणालाच कोड द्यावा लागत नाही.

तेव्हा उद्यासाठी एवढं करा. सकाळी मेसेज आला की तो पूर्ण वाचा, त्यात तुमच्या मोबाईलची ऑर्डर आहे ना ते पाहा. मग कोड आमच्या पोराला सांगू नका, बाबांना सांगा. पोरगा दारात आला की बाबांनी आधी खोकं हातात घ्यावं, नाव पाहावं, सील फाटलेलं नाही ना ते बघावं, आणि मग कोड सांगावा. काही ऑर्डरींत खोकं समोर उघडून दाखवायचं असतं, तुमच्या मेसेजमध्ये तसं असेल तर मोबाईल पाहून झाल्यावरच कोड द्यावा. कालचा कोड चालेलच असं नाही, बहुतेक नवा येतो. नाहीच आला तर आमचा पोरगा ॲपमधून पुन्हा पाठवू शकतो. हा साधा एसएमएस असतो, इंटरनेट लागत नाही, रेंज मात्र लागते. पुढच्या वेळी ऑर्डर करतानाच बाबांचा नंबर टाकलात तर मधला फोनच वाचेल.

आमच्या काही वाड्या-पोडांवर रेंज नाही. तिथे ॲपमध्ये कोड भरता येत नाही, म्हणून एखाद्या पोराला वाटतं की फाट्यावरूनच फोन करून कोड घ्यावा, नोंद करावी आणि मग माल न्यावा. त्याच्या मनात खोट नसली तरी असा कोड देऊ नका. नोंद झाली की कागदोपत्री माल तुमच्याकडे आलेला असतो, आणि वाटेत काही झालं तर तुम्हाला भांडायला जागा राहत नाही. अशा गावी रेंज मिळेल तिथे दोघांनी जावं, तिथे माल घ्यावा आणि तिथेच कोड द्यावा. आमच्या कोणी फोनवर आधी मागितलाच तर ऑफिसला कळवा, त्याच्याशी मी बोलतो.

माल न मिळताच 'पोचलं' असा मेसेज आला तर जिथून मागवलं त्याच ॲपवर त्याच दिवशी तक्रार टाका. आणि कोणाच्या हातून बँकेचा कोड गेलाच असेल तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. आधी बँकेला फोन करून कार्ड, खातं बंद करायला सांगा आणि लगेच १९३० वर तक्रार नोंदवा, cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते तिथेच अडवता येतात, म्हणून इथे मिनिटा-मिनिटाला किंमत आहे.