आमच्या सोसायटीची वर्गणी आणि एक्सेलमधले जुळे

ऑफिसात मी एक्सेल वापरते ही बातमी सोसायटीत कुणी पसरवली ते मला अजून कळलेलं नाही, पण गणपतीच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेनऊला खजिनदार काका लॅपटॉपसकट दारात. "अगं काही नाही, पोरांनी वर्गणीच्या दोन याद्या पाठवल्यात, काही नावं दोनदा आलीयेत, तेवढी काढून दे. तुझं दोन मिनिटांचं काम." दुसऱ्याच्या कामाला किती वेळ लागतो हे सगळ्यांना कसं अचूक माहीत असतं!

एका फाईलचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल नवीन'. दोन्ही एकाखाली एक चिकटवल्या, बाजूला १ ते ७१ अनुक्रमांक टाकले. म्हणजे ७१ ओळी, आणि कॉलम असे: अनुक्रमांक, विंग, फ्लॅट, नाव, पुस्तक, पावती, रक्कम, आणि शेवटी जमा की बाकी. काकांना चहा दिला, `Data` मध्ये जाऊन `Remove Duplicates` दाबलं, सगळ्या कॉलमवर आधीपासूनच टिक होती ती तशीच ठेवून ओके केलं.

`No duplicate values found.`

काका म्हणाले, "असं कसं? आमचे जोशी तर दोनदा दिसतायत." मी जरा खाकरले. कारण उघड होतं, या कमांडला टिक केलेले सगळेच्या सगळे कॉलम जुळले तरच ओळ डुप्लिकेट वाटते, एक जरी वेगळा निघाला की ती ओळ स्वतंत्र. आणि अनुक्रमांक तर मीच प्रत्येकाला वेगळा दिलेला! म्हणजे सगळ्या जुळ्यांच्या गळ्यात वेगवेगळे बिल्ले अडकवायचे आणि मग विचारायचं की यात जुळे कोण.

मग म्हटलं, घर एक तर वर्गणी एक. `Unselect All` केलं आणि फक्त फ्लॅटवर टिक केली.

`55 duplicate values found and removed; 16 unique values remain.`

आमच्याकडे A, B, C अशा तीन विंग, प्रत्येकीत १०१ ते ४०४ असे सोळा फ्लॅट. A विंगच्या सोळाही घरांनी वर्गणी दिलेली आणि त्यांच्या नोंदी यादीत सगळ्यात वर. एक्सेलला फक्त फ्लॅट बघायला सांगितलं, विंगवर टिकच नव्हती, त्यामुळे त्याच्या हिशोबी A मधला २०३ आणि C मधला २०३ एकच. जो आधी भेटला तो ठेवला, पुढचे सगळे पुसले, आणि पुसताना नुसता फ्लॅटचा आकडा नाही, नाव, पावती, रक्कम सगळ्यासकट अख्खी ओळ. टिक नसलेला कॉलम तुलनेत धरत नाहीत, पण उडवताना तो सुटत नाही बरं. स्क्रीनवरच्या यादीप्रमाणे B आणि C विंगने गणपतीला एक रुपया दिलेला नव्हता. काका स्वतः A विंगचे, त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे समाधान आलं ते मी पाहिलंय. `Ctrl+Z`.

विंग आणि फ्लॅट दोन्हींवर टिक केली. उरले ५१. मी खूश, काका चष्मा पुसत म्हणाले, "पण अगं, सोसायटीत घरंच अठ्ठेचाळीस आहेत ना?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. खालपर्यंत गेले तर एक A १०४ वरती आणि एक A १०४ खाली, डोळ्यांना सारखेच. शंका आली म्हणून बाजूच्या रिकाम्या खणात अक्षरं मोजली:

```
=LEN(B48)
```

उत्तर २. एका A ची लांबी दोन कशी? दुसरी फाईल कुणीतरी मोबाईलवर टाइप केलेली, आणि A नंतर एक स्पेस पडलेली. कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक ही कमांड मनावर घेत नाही, a आणि A तिला सारखेच, पण न दिसणारी स्पेस मात्र तिला लख्ख दिसते. परत `Ctrl+Z`, `TRIM` लावून विंगचा कॉलम साफ केला, तयार झालेली अक्षरं जुन्या जागी नुसत्या व्हॅल्यू म्हणून चिकटवली आणि पुन्हा तेच. आता ४५. तीन घरांनी वर्गणी दिलेली नाही हे काकांना तोंडपाठ होतं (कुठली तीन तेही होतं, ते त्यांनी न विचारता सांगितलं), तेव्हा आकडा बसला.

रक्कम मात्र बसेना. काकांच्या वहीत रोख आणि बँक मिळून ६१,४०० आणि माझ्या यादीत ४९,९००. साडेअकरा हजार गायब! काका माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागले ना, मला वाटलं आता कपाट उघडून दाखवावं लागतंय.

गडबड अशी की घर एक म्हणजे वर्गणी एक हे माझंच गृहीतक. B ३०२ मधे सासूबाईंनी वेगळे ५०१ दिलेत आणि सूनबाईंनी वेगळे, कारण दोघींचं सध्या जमत नाही. एकाने आधी वर्गणी दिली, मग प्रसादासाठी वेगळी. या खऱ्या दोन-दोन पावत्या, डुप्लिकेट नाहीतच. तेव्हा कुठे डोक्यात आलं की आपण घरं मोजतच नाही आहोत, पावत्या मोजतोय. मग टिक पावतीवर हवी!

`Ctrl+Z` करून केली. उरल्या ३३.

"काका, पावती पुस्तकं किती होती?"
"दोन."
"दोन्हींचे नंबर कुठून सुरू?"
"एकपासून. पुस्तक म्हटल्यावर एकपासूनच सुरू होणार ना."

म्हणजे पहिल्या पुस्तकातली ७ नंबरची पावती आणि दुसऱ्यातली ७ नंबरची, दोन्ही एक्सेलने एकच धरल्या. विंग-फ्लॅटचंच दुखणं, फक्त कॉलम वेगळे. परत `Ctrl+Z`, पुस्तक आणि पावती अशा दोनच टिका केल्या, बाकी सगळं रिकामं, आणि १३ ओळी जाऊन ५८ उरल्या. पहिल्या पुस्तकाच्या ३३, दुसऱ्याच्या २५, काकांनी स्थळप्रती मोजून बघितल्या, बरोबर. बेरीज ५९,३९८.

अजून २,००२ कमी. तोवर काकांचा तिसरा चहा झाला होता आणि आमच्याकडे कुकर लागायचा होता.

दोघांची पावती आधी फाडलेली, पैसे नंतर आलेले. 'फायनल'मधे त्यांच्यापुढे शून्य आणि बाकी, 'फायनल नवीन'मधे १,००१ आणि जमा. पुस्तक तेच, पावती तीच, म्हणून डुप्लिकेट, आणि ही कमांड वरची ओळ ठेवते, खालची उडवते. वरची जुनी आहे, चुकीची आहे, तिला काय घेणं! म्हणून पुन्हा `Ctrl+Z`, आणि यावेळी आधी शेवटच्या कॉलमवर A ते Z सॉर्ट. वर्णमालेत ज आधी येतो आणि ब नंतर, त्यामुळे सगळे जमा आपोआप वर, बाकी खाली. (पोरांनी 'बाकी'ऐवजी 'उधार' लिहिलं असतं तर उलटं सॉर्ट करावं लागलं असतं.) मग पुस्तक आणि पावतीवर टिक, ओके, ५८ ओळी, बेरीज ६१,४००. ज्या अनुक्रमांकाने सकाळी पहिला घोळ घातला त्याच्यावरच पुन्हा सॉर्ट करून यादी मूळच्या क्रमाने लावली.

काकांनी वही मिटली, एकदा आकड्याकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा.

"झालं बघ, म्हटलं होतं ना तुझ्यासाठी सोपं आहे," ते चप्पल घालता घालता म्हणाले. "पुढच्या वर्षी तिन्ही विंगांना वेगळं पुस्तक देणारे मी, म्हणजे गोंधळच नको. छापखान्यात सांगून पण आलोय."

"आणि नंबर?"

"एकपासूनच की."