माझा हक्काचा वैरी

तिकीट काढावं आणि मध्यंतरात पस्तावावं, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एखादा बरा समीक्षक तरी धरा."

त्याआधी मी रॉटन टोमॅटोज या सिनेमांची परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळाच्या टक्क्यांवर विसंबून होतो. ९५ टक्के म्हणजे ९५ गुण, असं मी समजायचो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ इतकाच, की शंभरातल्या ९५ समीक्षकांचं मत अनुकूल आहे. कुणालाच फारसा न आवडलेला, पण कुणालाच न खटकलेला सिनेमासुद्धा तिथे पैकीच्या पैकी घेऊन जातो. असे कितीतरी गुणवंत मी डुलक्या काढत पाहिले आहेत.

मग मी वही घातली. पाहून झालेले बारा सिनेमे, त्यांच्यापुढे माझं मत, आणि शेजारी दोन समीक्षकांची मतं. पहिल्याशी माझं बारापैकी नऊ ठिकाणी जुळलं. पत्रिका जुळल्याचा आनंद झाला! पण बायकोने वही ओढून घेतली. "यातले सात तर झाडून सगळ्यांना आवडलेत. ते माझ्या आत्याशीही जुळतील. भांडणाचे पाच बघा." त्या पाचांत आमचं दोनदाच जुळलं होतं. त्यापेक्षा नाणं उडवलेलं काय वाईट?

दुसरा समीक्षक मात्र त्या पाचही ठिकाणी माझ्या बरोब्बर उलट होता. त्याला खोडणार तेवढ्यात लक्षात आलं, की इतक्या नेमाने चुकणारा माणूस म्हणजे घबाड! तो "संथ" म्हणाला की मी तिकीट काढायचो. "पात्रं नुसती बोलत बसतात" म्हणाला की बायकोचंही. "वेगवान, खिळवून ठेवणारा" असं लिहिलं की आम्ही घरी. सलग चार सिनेमे सुंदर निघाले.

पाचव्याला त्याने असं झोडपलं, की मी हर्षभराने पहिल्याच दिवशी मधली खुर्ची पकडली. अडीच तास नुसता छळ. घरी येऊन बाकीची परीक्षणं वाचली, तर सगळ्यांनीच एकमुखाने झोडपलेलं. म्हणजे हा भांडणाचा सिनेमा नव्हताच. वाईटाला वाईट म्हणण्यापुरती आम्हा दोघांची अक्कल सारखीच आहे. शिवाय त्याचा शेरा नीट वाचला असता तर कळलं असतं. "संथ" हा शब्द कुठेच नव्हता. "संवाद ऐकू येत नाहीत" असं लिहिलं होतं, आणि ते काही रुचीवर अवलंबून नसतं.

आता मी त्याचे तारे बघत नाही, तक्रार काय आहे ते बघतो; आणि इतर दोघंतिघं त्याच्याशी भांडताहेत ना, याची खात्री करतो. सगळं सुरळीत चाललं होतं. पण परवा त्याने एका सिनेमाची "शांत, रेंगाळणारी लय" चक्क वाखाणली. आमच्या घरात सुतकी शांतता पसरली.

"वय झालं असेल हो त्यांचं," बायको म्हणाली.

वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली आहे.