‘पिंपल्सचं औषधच दिलं नाही’ या अभिप्रायाला क्लिनिकतर्फे उत्तर

अभिप्राय: “तोंडाभोवती आणि हनुवटीवर पिंपल्स आले म्हणून गेले होते. पिंपल्सचं औषध दिलंच नाही, उलट माझी सगळी क्रीम्स आणि बहिणीने दिलेली ट्यूब बंद करायला लावली. आठवड्याभरात चेहरा आणखी लाल झाला. शेवटी तीच ट्यूब परत लावली, दोन दिवसांत सगळं साफ! मग डॉक्टरकडे जायचं कशाला?”

नमस्कार. तुमच्या तपासणीत काय दिसलं ते इथे चारचौघांत लिहिणं मला योग्य वाटत नाही, म्हणून तुम्ही स्वतः जे लिहिलं आहे तेवढ्यावरच बोलते. चेहरा लाल झालेला आरशात रोज पाहावा लागतो तेव्हा काय वाटतं, हे मी जाणते. तुमचा राग मला समजतो. पण तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण ती वाचून आणखी कुणी तशी ट्यूब आणेल.

तोंडाभोवती येणारं प्रत्येक पुरळ म्हणजे पिंपल नसतं. पेरिओरल डर्मटायटिस नावाचा एक त्रास आहे आणि तो दुरून अगदी पिंपल्ससारखा दिसतो. जवळून, चांगल्या उजेडात पाहिलं की फरक कळतो. पिंपल्सची सुरुवात केसाच्या मुळाशी तेल आणि मृत पेशी अडकून होते, त्यामुळे तिथे ब्लॅकहेड्स किंवा व्हाइटहेड्स सापडतातच. काही फोड बारीक, काही टपोरे, काही दुखऱ्या गाठी, असा सगळा मिसळलेला प्रकार असतो. कपाळ, गाल, पाठ, छाती कुठेही येतात, आणि मोठे असतील तर खड्डे ठेवून जातात. पेरिओरल डर्मटायटिसमध्ये ब्लॅकहेड्स नसतात. जवळजवळ एकाच मापाच्या, १-२ मिलिमीटरच्या पुटकुळ्या लालसर कातडीवर झुबक्याने येतात, काहींच्या टोकाला किंचित पू दिसतो आणि वर बारीक कोंडा सुटतो. नाकाच्या बाजूच्या घड्या आणि हनुवटी या त्यांच्या ठरलेल्या जागा. मात्र ओठांच्या कडेला लागून एक अरुंद पट्टा बहुतेक वेळा स्वच्छ राहतो. तो पट्टा दिसला की माझी निम्मी शंका तिथेच फिटते. शिवाय पेशंट ‘दुखतं’ असं क्वचितच म्हणतो. ‘आग होते, चुरचुरतं, कातडी ओढल्यासारखी वाटते’ असं म्हणतो.

हे ओढल्यासारखं वाटणंच माणसाला फसवतं. त्वचेच्या सर्वांत वरच्या थराचं काम आतलं पाणी धरून ठेवण्याचं. जाड, तेलकट क्रीम रोज थापलं, त्यावर फाउंडेशन आलं, की हा थर फुगतो आणि त्याची पाणी धरण्याची ताकद कमी होते. मग पाणी उडून जातं, कोरडं वाटतं, आणि कोरडं वाटतं म्हणून माणूस आणखी क्रीम लावतो. पुटकुळ्या दिसल्या की पिंपल समजून सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड सुरू होतं. ते पिंपल्सवर चालतं, पण इथे आधीच बिघडलेली त्वचा त्याने आणखी सोलवटते. तिला थंडावा म्हणून पुन्हा जाड क्रीम. पिंपल्सचं औषध न देण्यामागचं कारण हेच असतं.

आता ट्यूबबद्दल. तिच्या मागच्या बाजूला घटक बारीक अक्षरांत छापलेले असतात. त्यात मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि सूज दाबतं, म्हणून लाली खरोखरच दोन दिवसांत जाते. मूळ बिघाड मात्र तसाच राहतो. ट्यूब थांबवली की दाबलेली सूज उसळून वर येते आणि पुरळ आधीपेक्षा जास्त दिसतं. ही उसळी काही दिवसांत सुरू होते आणि साधारण २ आठवडे टिकू शकते. आमच्या कागदावर ‘सुरुवातीला वाढेल’ असं लिहिलेलं असतं, पण चेहरा पेटल्यावर त्या ओळीचा आधार पुरत नाही, हेही खरं. या उसळीत माणूस पुन्हा ट्यूबकडे वळला की प्रत्येक वेळी ती जास्त दिवस लागते आणि सोडणं जास्त अवघड होतं. महिनोन्महिने असंच चाललं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या कायमच्या दिसू लागतात.

नाव-गाव न सांगता एक उदाहरण देते. एका बाईंनी रात्रीचं जाड क्रीम बदललं आणि काही आठवड्यांत हनुवटीवर पुरळ आलं. पिंपल्सचा फेसवॉश आणला, आग वाढली, मग घरात पडलेलं मोमेटासोन लावलं. दर वेळी साफ, दर वेळी परत. आम्ही सगळं थांबवलं: क्रीम, मेकअप, फेसवॉश, मलम. फक्त कोमट पाण्याने चेहरा धुवायचा, टिपून कोरडा करायचा. कोरडेपणा असह्य झाला तरच पातळ, पाण्यासारखं लोशन. पहिल्या आठवड्यात त्यांचा चेहरा इतका लाल झाला की त्यांनी रडत फोन केला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी नव्या पुटकुळ्या थांबल्या. मेट्रोनिडाझोलचं जेल सुरू केलं आणि सोबत डॉक्सिसायक्लिन काही आठवडे दिलं. तिसऱ्या महिन्यात कातडी शांत झाली. खूण राहिली नाही, आणि या आजारात ती सहसा राहत नाहीच. प्रत्येकाला गोळ्या लागतात असं नाही. सौम्य त्रास नुसत्या बंदीनेच जातो, फक्त आठवडे जातात. गरोदरपणात आणि लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाही, तिथे दुसरं अँटिबायोटिक निवडावं लागतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. दम्याचा पंप किंवा नाकातला स्प्रे स्टेरॉइडचा असेल तरी असं पुरळ येऊ शकतं. तो स्वतःहून बंद करू नका. वापरल्यावर तोंडाभोवतीचा भाग धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तुमच्यासाठी: ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल आणि ती बरेच दिवस लावली असेल, तर आज एकदम फेकू नका. तीव्र स्टेरॉइड असेल तर कधी कधी आधी सौम्य हायड्रोकॉर्टिसोनवर आणून मग थांबवावं लागतं, आणि ते किती दिवसांत करायचं हे त्वचा पाहूनच ठरतं. पहिल्या महिन्यातल्या फेरतपासणीची फी आम्ही घेत नाही. येताना ट्यूब, रोजची क्रीम्स आणि फाउंडेशन पिशवीत घालून आणा, आणि त्या दिवशी चेहऱ्याला काहीही न लावता या. डोळ्यांभोवतीही पुटकुळ्या येऊ लागल्या असतील तर वेळ घेण्याची वाट न पाहता सरळ या.