हिरवी टिक आणि बारा लिटर

एका दूध संघाचा डॅशबोर्ड आमच्या गळ्यात आहे. पहाटे पाचला कालच्या संकलनाचे आकडे जमतात, त्यांचं पान तयार होतं आणि सहाच्या आत प्रसिद्ध होतं. अध्यक्षांचा चहाही सहालाच असतो. पान चढलं की स्मोक टेस्ट धावते: पडद्याविना चालणारा एक ब्राउझर खरं पान उघडतो, त्यावरचं एकूण संकलन वाचतो आणि नुकत्याच बनलेल्या फाइलमधल्या आकड्याशी ताडून पाहतो. जुळलं तर हिरवी टिक, नाही तर माझा फोन वाजतो. निदान कागदावर तरी असंच ठरलंय. प्रत्यक्षात टिक हिरवी असते आणि फोन तरीही वाजतो, फक्त तो अध्यक्षांचा असतो.

“ओ साहेब, आजबी परवाचंच दूध दाखवताय की!”

पान म्हणत होतं 12,31,905 लिटर. फाइल म्हणत होती 12,47,380. आणि टेस्ट म्हणत होती, सगळं आलबेल. मागे कोणी तरी लिहून ठेवलेली ती टेस्ट उघडली, तर दोन्हीकडचा मजकूर स्वल्पविरामांसकट उचलून असा वाचला जात होता:

```
parseInt("12,31,905")  // 12
parseInt("12,47,380")  // 12
```

पहिला स्वल्पविराम दिसला की `parseInt` हात झटकून मोकळं होतं. म्हणजे टेस्टच्या हिशेबी अख्खा संघ रोज बारा लिटर दूध गोळा करत होता, आणि आकडा बाराचे अकरा लाख होईपर्यंत तिला कसलीच शंका येणार नव्हती.

स्वल्पविराम काढून टाकले. दुसऱ्या दिवशी टेस्ट लाल. पानावर म्हणे 7,81,204 लिटर! पाच लाख लिटर दूध सांडलं कुठे? तर आमच्या डिझायनरने आकडा शून्यापासून भरभर चढत जाईल अशी करामत केली होती. बघायला झकास. टेस्टने मात्र तो जिन्यातच गाठला होता. त्यावर उतारा सोपा: ब्राउझर उघडतानाच `reducedMotion: 'reduce'`, म्हणजे हलती करामत नको, असं सांगायचं आणि पानानेही ते ऐकायचं. डिझायनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते कॅशमध्ये दडलेलं होतं. आमचं पान सीडीएनवर, म्हणजे वाचकांना पानाच्या प्रती पुरवणाऱ्या मधल्या सर्व्हरांवर, दहा मिनिटं साठवलेलं राहतं. टेस्टला दर वेळी ताजं पान मिळावं म्हणून कोणा शहाण्याने पत्त्याच्या शेपटाला `?t=` आणि त्या क्षणाची वेळ जोडली होती. त्यामुळे सीडीएनला तो पत्ता नवाच वाटायचा आणि तो मूळ सर्व्हरवरून ताजं पान आणून द्यायचा. टेस्ट खूश. अध्यक्षांच्या पत्त्याला मात्र असलं शेपूट नसतं, त्यांना साठवणीतलंच मिळायचं. लग्नाच्या पंगतीत स्वयंपाकघरात शिरून गरम जिलेबी चाखायची आणि बाहेर येऊन “पंगतीला सगळं गरम वाढलंय” असं सांगायचं, तशातली गत.

शेपूट कापलं. आता पान चढवल्यावर आधी सीडीएनला जुनी प्रत टाकायला सांगतो, आणि मग टेस्ट अध्यक्षांच्याच पत्त्यावर थोड्या थोड्या वेळाने डोकावते, जास्तीत जास्त बारा मिनिटं. ती आकडा लगेच वाचत नाही. आधी पानात लपवलेला `build-id`, म्हणजे पान कोणत्या खेपेला बनलं त्याची खूण, बघते. तो जुना असेल तर नवं पान अजून पोहोचलेलं नाही, थांबायचं. तो नवा आणि आकडा मात्र वेगळा, तर भांडण खरं: बहुधा पान नवं चढलंय आणि त्याची डेटा फाइल मागे राहिलीय. पूर्वी दोन्हींना एकच लाल रंग होता, आणि पहाटे डोळे चोळत त्यातला फरक शोधणं माझ्या नशिबी होतं.

एक गोष्ट मात्र हिच्याही हाताबाहेर आहे. टेस्ट दर वेळी कोरा ब्राउझर उघडते. अध्यक्षांच्या फोनने स्वतःच जपून ठेवलेली जुनी प्रत तिला दिसणं शक्य नाही. तिथे “साहेब, पान जरा खाली ओढून सोडा” हाच उपाय.

एवढं जमेपर्यंत संघाच्या बैठकीत ठराव झाला: आकडे मराठीत हवेत. रास्त मागणी. `mr-IN` लिहिलं की ब्राउझर आपणहून देवनागरी अंक देतो. त्याच पहाटे अध्यक्षांनी कौतुकाने स्क्रीनशॉट पाठवला: १२,५२,६१८. आकडा अचूक, पान ताजं. आणि टेस्ट लालभडक, कारण जावास्क्रिप्टच्या `Number("१२५२६१८")` चं उत्तर येतं `NaN`, म्हणजे “हा आकडाच नाही”. त्यात हे `NaN` स्वतःशीसुद्धा जुळत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंना मराठी करून भागणार नव्हतंच. शेवटी टेस्टमध्येच एक ओळ घातली, जी पानावरचे दहा मराठी अंक ओळखून आधी इंग्रजी करते. आता पुढचा ठराव आलाय: आकडा लाखात दाखवा, “१२.५ लाख”.