मामाच्या पिठाचा ब्रँड करताना घ्यायची काळजी

तुमच्या घरात कुणी मामा, काका किंवा आत्या निवृत्त झाली असेल आणि स्वस्थ बसवत नाही म्हणून पिठं, लोणची, लाडू विकायला लागली असेल, तर कृपा करून त्यांना एकटं सोडू नका. चार डबे विकले गेले की धंद्याचा ब्रँड होतो आणि ब्रँड झाला की ब्रँड गाइड लागतंच. मामा भोळा असतो. तो म्हणेल, "एक पानभर लिहून दे रे. कुठला रंग, कुठली अक्षरं, कुठे काय छापायचं. म्हणजे उद्या मी आजारी पडलो तरी लेबल कुणालाही तसंच छापून आणता येईल." त्याला प्रेमाने "हो मामा" म्हणा आणि 41 पानांची पीडीएफ पाठवा.

मी ठाण्यात नौपाड्याला राहतो, एकटाच. उभी हयात छापखान्यात गेली. आता थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट विकतो, दिवाळीत खाऱ्या शंकरपाळ्याही. माझ्या भाच्याने ओळखीच्या एका स्टुडिओकडून माझं ब्रँड गाइड करून घेतलं, आणि या दिवाळीआधी त्याबरहुकूम लेबलं छापून आली. पुढचं मार्गदर्शन त्यातून सुचलेलं आहे. ते फुकट आहे. स्टुडिओ फुकट नव्हता.

सुरुवात ब्रँडच्या आत्म्यापासून करा. माझ्या गाइडात आत्म्याला नऊ पानं आहेत. "आम्ही पीठ विकत नाही, आम्ही आठवण विकतो" हे वाक्य एका अख्ख्या पानावर एकटंच बसलंय. गिऱ्हाईक मात्र अडाणी. ते अर्धा किलो पीठच मागतं. निव्वळ वजन लेबलवर कुठे आणि किती मोठं छापायचं, हे त्या 41 पानांत शोधूनही सापडत नाही.

रंग नेहमी मोबाइलवर बघूनच पसंत करा. माझा रंग गाइडात `#E3A587` असा दिलाय, नाव 'सायंकाळची माती'. पडद्यावर सुरेख दिसतो, कारण पडद्याला मागून उजेड असतो. छापताना हा आकडा उपयोगाचा नाही. तिथे निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांची टक्केवारी लागते, आणि ती गाइडात नाही. वर 'मातीशी नातं' म्हणून लेबल खाकी कागदावर. वागळे इस्टेटमधल्या ज्या डिजिटल मशीनवर आपली शंभर-दोनशे लेबलं निघतात, तिथे पांढरी शाई बहुधा नसतेच. म्हणजे खाली जो कागदाचा रंग, तो प्रत्येक शाईत मिसळणार. मातीवर माती छापली, दिसणार काय? कपाळ! शाकाहारीचं हिरवं चिन्हसुद्धा काळपट तपकिरी झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पाकीट उजेडाकडे धरून विचारलं, "नाना, भाजणीत अंडं घालायला लागलात की काय?"

पत्ता आणि फोन नंबर शक्य तितक्या फिक्या अक्षरांत छापा. उगाच कुणी पुन्हा मागवायला नको.

मराठी अक्षरांकडे फार लक्ष देऊ नका. इंग्रजी फॉन्टचे चार नमुने, आणि मराठीसाठी "साजेसा फॉन्ट वापरावा" एवढी एक ओळ पुरे. मग प्रेसवरच्या पोराकडे तो साजेसा फॉन्ट नसतो आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय बंद असतो, त्यामुळे 'दिवाळी'ची पहिली वेलांटी 'द' सोडून 'व'वर जाऊन बसते आणि 'खाऱ्या'तलं जोडाक्षर तुटून पडतं. मुक्ता किंवा बलू यांपैकी एखाद्या फुकट मिळणाऱ्या फॉन्टचं नाव लिहिलं असतं आणि छपाईची प्रत अक्षरांच्या रेघोट्या करून, म्हणजे कर्व्हज करून दिली असती, तर हे झालं नसतं. पण मग साजेसं कसं वाटणार!

आता सगळ्यात महत्त्वाचं. तारखेला जागा ठेवू नका. लेबलच्या चारही कडांना वेलबुट्टी काढा, मध्ये जातं, जात्याभोवती कणसं. एक बोटभर जागाही कोरी दिसली तर तिथे चिमणी बसवा. आणि पिठाचे हात लागून लेबल मळू नये म्हणून वरून चकचकीत लॅमिनेशन करा. त्यावर तारखेचा रबरी शिक्का मारून बघाच एकदा. शिक्क्याची शाई कागदात मुरते म्हणून वाळते. लॅमिनेशन म्हणजे प्लास्टिक, तिथे ती मुरणार कुठे? ती वरच थबथबून राहते. पाकीट पाकिटाला घासलं की तुमची 12 तारीख शेजारच्या पाकिटाच्या पाठीवर. बॉलपेन घसरतं. परमनंट मार्कर त्यातल्या त्यात टिकतो, पण लिहायचं कुठे, चिमणीच्या पोटावर? मी लिहिलं. वाचता आलं नाही.

तुम्ही म्हणाल, एका तारखेवरून म्हातारा एवढा का तापलाय? अहो, भाजणीत बाजरी असते. बाजरीत तेलाचा अंश बऱ्यापैकी असतो आणि दळली की तो हवेला उघडा पडतो, म्हणून बाजरीचं कच्चं पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतं. धान्य नीट भाजलं की ही क्रिया मंदावते, बंद पडत नाही. म्हणून माझ्या भाजणीला मी दोनच महिने देतो. पाकीट उघडल्यावर खमंग वासाऐवजी जुन्या तेलासारखा वास आला, चिमूटभर तोंडात टाकल्यावर घशाशी कडू लागलं, तर ते पीठ गेलं. पण ते कधी दळलं हे पाकिटावर नसेल, तर गिऱ्हाइकाने काय करायचं? घोडबंदर रोडच्या एका बाईंनी तेच केलं जे मी केलं असतं. फोन केला. "काका, हे गेल्या वर्षीचं आहे का हो?" पीठ त्याच आठवड्यात दळलेलं होतं. जांभळी नाक्यावरून धान्य आणायचं, निवडायचं, एकेक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदूळ आणि उडदाची डाळ एकत्र टाकली की एक कच्चं राहतं नाहीतर दुसरं जळतं. हे सगळं करून "गेल्या वर्षीचं आहे का?" आणि का, तर त्या चिमणीला बसायला जागा हवी होती! अख्खा गठ्ठा मी कात्रीने कापलेल्या पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवून विकला.

असो. पुढचा मुद्दा.

घटकांची यादी सुंदर लावा. माझ्या यादीत धने पहिले, कारण लांबीने सगळ्यात छोटा शब्द वर आला की त्रिकोण छान होतो. नियम असा की वजनाने जे जास्त ते आधी, म्हणजे माझ्याकडे ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, गहू, उडीद डाळ, धने, जिरे. आणि गहू आहे तर 'यात गहू, ग्लुटेन आहे' हे वेगळं सांगावं लागतं. ते त्रिकोणात मावलं नाही.

दावे मात्र सढळ हाताने करा. '100% शुद्ध', 'प्रतिकारशक्ती वाढवणारी', 'मधुमेहींसाठी वरदान'. 100% हा शब्द लेबलवर आणि जाहिरातीत वापरू नका असं एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2025 साली बजावलं म्हणून काय झालं? नोटीस मामाच्या नावावर येणार, स्टुडिओच्या नाही.

पैशांचा क्यूआर लावा, त्यावर मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव. स्कॅन केल्यावर बँक खात्यावरचं भलतंच नाव दिसतं आणि माणूस पैसे न भरता फोन करतो, हे त्याचं त्याने बघावं. खाली "पैसे भरताना अमुक नाव दिसेल" अशी ओळ टाकली तर डिझाइन बिघडतं.

ब्रँडचा आवाज 'खेळकर, तरुण' ठेवा. मामाने गिऱ्हाइकांना "हे फूडी, गेस व्हॉट!" असा मेसेज पाठवायचा. पाठवला. माझ्या जुन्या फोरमननी उलट विचारलं, फोन चोरीला गेला का?

आणि मूळ फाइल, इन्स्टाग्रामचा पासवर्ड, सगळं भाच्याच्याच खात्यात असू द्या. भाव दहा रुपयांनी वाढला तर बेंगळुरूला फोन लावता येतो.

बास झालं आता. अरे, पान मागितलं होतं, एक! ते काय असतं तेसुद्धा तुम्हाला मीच सांगू? ऐका. ए-फोर कागद, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा. मधोमध पसंत केलेलं एक छापील लेबल, खरंखुरं, चिकटवलेलं. प्रेसवाल्याला तोच नमुना दाखवायचा, पडदा नाही. शेजारी काळा आणि एक लाल, बास, त्यांच्या शायांची टक्केवारी. कागद पांढरा, बिनचकचकीत. फॉन्टचं नाव. नावाची एकच वर्तनी, आणि नावाशेजारी हिरवं चिन्ह. निव्वळ वजन समोर, ठसठशीत. मागच्या बाजूला घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, एफएसएसएआयच्या नोंदणीवर आहे तेच नाव आणि पत्ता, तिचा 14 आकडी क्रमांक, फोन. दळल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच आणि किंमत यांसाठी एक कोरी चौकट, शिक्का तिरका पडला तरी मावेल एवढी, आणि त्या चौकटीत काही, काही म्हणजे काहीही काढायचं नाही. खाली गिऱ्हाइकाला जाणारा मेसेज: "भाजणी तयार आहे. संध्याकाळी 5 ते 7 घेऊन जा." तळाला फाइल कुठे ठेवलीय आणि प्रेसचा फोन. एवढं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यातही तुम्हाला 'आत्मा' सुचतो! एकटा माणूस पाय धरून येईस्तोवर भाजत उभा असतो, त्याला तुमचा मूडबोर्ड काय चाटायचाय? त्याला कधी विचारलंत का, शिक्का कुठे मारतोस म्हणून?

तू हे वाचणार, मला माहीत आहे, तुझी आई पाठवेलच. मूळ फाइल आणि तो पासवर्ड आज रात्रीपर्यंत पाठव. आणि फाइलमधून ती चिमणी आधी काढ.